क्रियापदांची वाक्यचौकट तपासताना या चुका टाळा

‘हंड्यात पाणी भरलं’ आणि ‘हंडा पाण्याने भरला’ या दोन्ही चौकटी ‘भरणे’ला चालतात. पहिलीत पाणी कर्म आहे, दुसरीत हंडा. कोणत्या क्रियापदाला कोणती चौकट चालेल हे त्याच्या अर्थावरून बऱ्याच अंशी सांगता येतं. मात्र त्यासाठी अर्थ नीट पाहावा लागतो, आणि तेवढा धीर फार थोडे जण धरतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एक वाक्य कानाला बरं वाटलं की लगेच बरोबरची खूण करणं. एका विद्यार्थ्याने क्रियापदांचा मोठा तक्ता करून आणला होता. त्यात ‘ओतणे’समोर दोन्ही रकान्यांत खुणा होत्या. कारण विचारलं तर म्हणाला, ‘बादली ओतली’ असं आपण सर्रास म्हणतो, म्हणजे बादली कर्म झाली. वाक्य बरोबरच आहे. मी त्याला एवढंच विचारलं, की नंतर बादलीचं काय झालं? बादली भरली की ती पूर्ण होते, ओतली की रिकामी होते. म्हणजे ‘बादली ओतली’ मधली बादली ही बादलीभर पाण्याच्या जागी आलेली आहे, पाणी जिथे गेलं ते भांडं नव्हे. ‘तिने पातेलं दुधाने ओतलं’ म्हणून पाहा, लगेच अडखळायला होतं. ‘ओतणे’ द्रव कसा जातो ते सांगतं. तो जिथे पडला त्या भांड्याचं काय झालं, याबद्दल काहीच सांगत नाही. ‘झाकणे’चं नेमकं उलट. ते वस्तूची शेवटची अवस्था सांगतं, म्हणून ‘पातेलं ताटलीने झाकलं’ होतं, पण ‘पातेल्यावर ताटली झाकली’ म्हटलं तर ताटलीच झाकल्यासारखी वाटते. त्या तक्त्यातल्या निम्म्या खुणा अशाच पुसाव्या लागल्या.

‘भरणे’ मात्र दोन्हीकडे जातं, कारण त्यात आत घालणंही आहे आणि पूर्ण होणंही. पूर्ण होणं बाजूला काढलं की दुसरी चौकट गळते. ‘बँकेत पैसे भरले’ म्हणतो, ‘त्याने बँक पैशांनी भरली’ म्हणत नाही. पैसे भरल्याने बँकेची अवस्था बदलत नाही.

इथे आणखी एक खड्डा आहे. नुसतं ‘हंडा पाण्याने भरला’ हा पुरावा धरू नका. ‘भरणे’ अकर्मकही आहे, पावसानेही हंडा भरतो. मी नेहमी ‘तिने’ घालूनच वाक्य लिहिते: ‘तिने हंड्यात पाणी भरलं’, ‘तिने हंडा पाण्याने भरला’. भूतकाळात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं, त्यामुळे कर्म कोणतं हे डोळ्यांना दिसतं. मग दोन्हींपुढे ‘पण हंडा अर्धा रिकामाच राहिला’ जोडते. पहिल्यापुढे ते खपतं, दुसऱ्यापुढे आपल्याच बोलण्याला छेद जातो.

इंग्रजी याद्या भाषांतरित करून मराठीवर चिकटवणं हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. बेथ लेविन यांनी १९९३ साली इंग्रजी क्रियापदांचे अर्थानुसार गट लावले. ते काम मोलाचं आहे, पण इंग्रजीबद्दलचं आहे. ‘भरणे’च्या अर्थाचं इंग्रजी ‘फिल’ फक्त भांड्यालाच कर्म करतं. अर्थावरून चौकट ठरते हे तत्त्व इकडे आणा, गट आणू नका.

आता ‘-ला’. प्रत्येक ‘-ला’ म्हणजे घेणारा, असं धरलं जातं. ‘मुलाला पुस्तकं पाठवली’ आणि ‘साताऱ्याला पुस्तकं पाठवली’ सारखी दिसतात, पण मुलाला पुस्तकं मिळतात, साताऱ्याला मिळत नाहीत. प्रश्नही वेगळा पडतो, एकीकडे ‘कोणाला’, दुसरीकडे ‘कुठे’. ‘भिंतीला रंग लावला’ मधली भिंतही घेणारी नव्हे.

‘देणे’ला ‘-ला’ आणि ‘-कडे’ दोन्ही चालतात, म्हणून अर्थ एकच असं समजू नका. ‘सुनेला दागिने दिले’ म्हटलं की ते तिचे झाले असं साधारण समजतात. ‘सुनेकडे दागिने दिले’ म्हणजे सांभाळायला दिले. ‘फेकणे’ फक्त वस्तूची हालचाल सांगतं, म्हणून चेंडू ‘त्याच्याकडे’ फेकतात. ‘शिकवणे’त समोरच्याला काही मिळणं मुळातच आहे, म्हणून तिथे ‘-ला’ हवं. ‘मावशीकडे गाणं शिकवलं’ म्हटलं की मावशीच्या घरी शिकवलं असाच अर्थ निघतो.

‘मला कांदा चिरून दिला’ हे वाक्य ‘चिरणे’च्या खात्यात टाकू नका, तो ‘मला’ ‘देणे’चा आहे. ‘दे’ काढा: ‘मला कांदा चिरला’. उभं राहत नाही.

‘शिंपणे’ आणि ‘शिंपडणे’ एका ओळीत लिहू नका. बाग शिंपतात, शिंपडतात ते पाणी.