घड्याळ मागे जातं त्या रात्रीचा पगार: आधी काय तयार ठेवायचं

१ नोव्हेंबर २०२६ ला रविवार आहे. त्या पहाटे दोनच्या ठोक्याला अमेरिकेतली बहुतेक घड्याळं पुन्हा एकवर येतील, म्हणजे एक ते दोन हा तास तिकडे दोनदा होईल. जळगावात बसून तिकडच्या रात्रपाळीचे पगार काढणाऱ्यांनी आधीच्या बुधवारपर्यंत सगळं हाताशी ठेवावं. ८ तारखेला लक्ष्मीपूजन आहे, निम्मी माणसं रजेवर असतील, ऐनवेळी कोणी सापडत नाही.

शिफ्टच्या वेळा, दर, कामगारांची यादी हे नेहमीचंच. ॲरिझोना आणि हवाईमधली ठिकाणं तेवढी बाजूला काढा, तिथे घड्याळ बदलत नाही. ॲरिझोनातल्या नवाहो वस्तीत मात्र बदलतं.

आता खरी गोष्ट. हजेरीच्या फाइलमध्ये प्रत्येक पंचपुढे यूटीसीपासूनचा फरक, म्हणजे ऑफसेट, लिहून आला पाहिजे. गेल्या नोव्हेंबरात आम्ही तो मागायला विसरलो आणि नंतर कामगारांना एकेकाला विचारत बसावं लागलं. म्हणून क्लायंटला आजच मेल टाका, आणि "हो, मिळेल" एवढ्यावर थांबू नका. नमुन्याची फाइल मागवा, उघडा, ऑफसेटचा रकाना डोळ्यांनी पाहा. तो असा दिसतो:

```
2026-11-01T01:30:00-04:00
2026-11-01T01:30:00-05:00
```

दोन्ही दीड वाजताचेच पंच, पण मध्ये एक तास आहे. ओहायोतल्या वेअरहाउसमधला माणूस शनिवारी रात्री अकराला आला आणि तब्येत बिघडली म्हणून दीडला घरी गेला, तर त्याचे अडीच तास की साडेतीन? ऑफसेट नसेल तर सांगताच येत नाही. जेवणाच्या सुट्टीचंही तसंच. १:५० ला बाहेर आणि १:२० ला आत असं दिसलं तर सॉफ्टवेअर निदान ओरडतं. १:१० ला बाहेर आणि १:४० ला आत असेल तर कोणीच ओरडत नाही, पण ती सुट्टी अर्ध्या तासाची असेल किंवा दीड तासाची. हे चुपचाप निघून जातं, म्हणून ऑफसेटशिवाय आलेली फाइल घेऊच नका, परत पाठवा.

पूर्ण पाळी तपासायला आपलं घड्याळ उपयोगी पडतं, कारण ते वर्षभर सरळ चालतं. पाळी रात्री ११ ते सकाळी ७:३०, त्यात बिनपगारी अर्धा तास जेवण. एक्सेलमध्ये नुसती वजाबाकी केली की साडेआठ तास येतात, जेवण वजा जाता आठ. आता तेच पंच भारतीय वेळेत लिहा: शनिवारचे रात्रीचे अकरा म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी ८:३०, आणि तिकडचे ७:३० म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ६. मधे साडेनऊ तास होतात, जेवण वजा जाता नऊ. माणसाने नऊ तास काम केलंय, पैसे नऊ तासांचेच द्यायचे. मात्र हे रूपांतर करायलाही ऑफसेट लागतो. सगळ्या पंचांना सरसकट साडेनऊ किंवा साडेदहा तास मिळवणारा फॉर्म्युला लावलात तर तीच चूक परत.

हा जादा तास ओव्हरटाइमच्या आठवडी चाळीस तासांमध्ये मोजला जातो. समजा आठवडा सोमवार ते रविवार, मंगळवार ते शुक्रवार रोज आठ तास मिळून बत्तीस, आणि शनिवारच्या पाळीचे नऊ. एकूण एक्केचाळीस. २० डॉलर दर असेल तर चाळीस तासांचे ८०० आणि एकेचाळिसाव्या तासाचे दीडपट ३०, म्हणजे ८३०. आठ तास धरले तर त्याचे ३० डॉलर बुडतात, आणि फेडरल कायद्यानुसार ते देणं सक्तीचं आहे. क्लायंटचा आठवडा रविवारी मध्यरात्री सुरू होत असेल तर अकरा ते बारा हा तास जुन्या आठवड्यात जातो आणि उरलेले आठ नव्यात, तेव्हा आठवडा कधी सुरू होतो तेही लेखी घ्या. रात्रपाळीचा भत्ता तासावर असेल तर तोही नऊ तासांचा.

मार्चचं उलटं: दुसऱ्या रविवारी दोनचे थेट तीन वाजतात, हीच पाळी सात तासांची होते. क्लायंट आठचे पैसे देत असेल तर तो आठवा तास वेगळ्या पे-कोडवर टाका, तो चाळीसमध्ये धरावा लागत नाही.

सोमवारपासून तिकडचे सकाळचे नऊ आपल्याकडे साडेसहाऐवजी संध्याकाळी साडेसातला वाजतील, शंका विचारायच्या त्या तेव्हा. रन लॉक करण्याआधी एक ते दोनमधले सगळे पंच फिल्टर लावून बघा, ऑफसेट रिकामा असलेली एकही ओळ पुढे जाऊ देऊ नका.