कृष्णाकाठचं रान: पूर ओसरल्यावर चर कुठं काढायचा

कराडच्या पुढं कृष्णा सपाटीला लागते. उतार कमी, म्हणून पाण्याचा वेग मंदावतो आणि नदी नागमोडी वळणं घेत सांगलीवरून नरसोबाच्या वाडीकडं जाते. पूर आला की पाणी काठावरून बाहेर पडतं आणि पसरताच त्याचा जोर मोडतो. जड रेती आणि पोयटा तिथंच काठाला बसतो, बारीक चिकण गाळ मात्र पाण्याबरोबर लांब जातो. वर्षानुवर्षं असं होत होत काठ उंच झाला आणि आतलं रान खाली राहिलं. पाठ्यपुस्तकात या उंचवट्याला पूरतट म्हणतात.

म्हणूनच सखल रानात पाणी बहुतेक वेळा समोरून येत नाही. नदी चढली की ते ओढ्याच्या तोंडातून उलटं शिरतं आणि मागच्या बाजूनं रानात येतं. नदी उतरल्यावर काठाचा उंचवटा आडवा येतो आणि पाणी तिथंच तुंबतं.

अशा वेळी नदी समोर दिसते म्हणून जेसीबीनं काठ फोडून पाणी काढायचा मोह होतो. तसं अजिबात करू नका. पुढच्या पुरात पाणी त्याच खांडातून जोरात शिरतं, तोंडाशी खड्डा पाडतं आणि आतल्या रानात रेतीचा पंखा पसरतं. ते नुकसान एका हंगामात भरून निघत नाही.

चर ओढ्याकडंच काढा. आधी पारदर्शक नळीत पाणी भरून उंचसखल मोजा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं. समजा एक एकर रानाचा सखल कोपरा काठापेक्षा 110 सेंमी खाली आहे. ओढा तिथून 180 मीटरवर आहे आणि ओढ्याचा तळ त्या कोपऱ्यापेक्षा 150 सेंमी खाली आहे. चर कोपऱ्यात 75 सेंमी खोल धरला आणि दर 100 मीटरला 20 सेंमी उतार दिला, तर ओढ्यापाशी चराचा तळ कोपऱ्याच्या पातळीखाली 111 सेंमीवर येतो. म्हणजे ओढ्यात पडायला 39 सेंमी उरतात, चर चालेल. ओढ्याचा तळ गाळानं भरून 90 सेंमीवरच आला असेल, तर आधी ओढा साफ करावा लागेल. नाहीतर चरातच पाणी उभं राहतं. चराच्या तोंडाला पाईप बसवून ओढ्याकडं उघडणारी झडप लावा, म्हणजे नदी चढताना पाणी उलटं येणार नाही. मे महिन्यात झडपेतला पालापाचोळा काढायला विसरू नका.

रानातून कमानीसारखा वाकडा पट्टा गेला असेल, पाणी तिथं सगळ्यात शेवटी आटत असेल आणि मार्चातही गवत हिरवं राहत असेल, तर ते बहुधा नदीचं जुनं पात्र आहे. वळणाची मान घासत घासत तुटली, नदी सरळ गेली आणि मागं घोड्याच्या नालेसारखं तळं राहिलं, ते पुढं चिकण गाळानं भरलं. एक मीटर खड्डा घेतला तर खाली निळसर-राखाडी चिकणमाती आणि तांबूस ठिपके दिसतात. ऊस तिथं कायम पिवळा राहतो आणि खत वाढवून फरक पडत नाही, कारण मुळांना हवाच मिळत नाही. तिथं पॅरा गवत लावा. मुरूम टाकून तो पट्टा बुजवलात, तर पाणी शेजाऱ्याच्या रानात जाईल.

आता साचलेला थर. वाफसा आल्याशिवाय रानात ट्रॅक्टर घालू नका. मूठभर मातीचा गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाका. तो फुटला तर वाफसा आला, चपटा झाला तर थांबा. रेतीचा थर 5 सेंमीपर्यंत असेल तर नेहमीच्या नांगरटीत मिसळतो. 5 ते 20 सेंमी असेल तर थराच्या दुप्पट खोल नांगरून खालची माती वर आणा. त्याहून जाड थर उचलूनच काढावा लागतो.

जे रान पाण्याखाली बराच काळ पिकाविना राहिलं, तिथं मुळांना स्फुरद मिळवून देणारी बुरशी कमी होते. मग रब्बीत मक्याची पानं जांभळी पडतात. स्फुरद फोकून टाकू नका, पेरताना बियाच्या बाजूला आणि थोडं खाली पेरून द्या.

उभ्या उसाचा निर्णय शेंड्यावर घ्या. रानात वेगवेगळ्या ठिकाणचे दहा शेंडे उभे चिरून पाहा. आतला कोंब पांढरा आणि कडक असेल तर ऊस जगेल, पोंग्यात अडकलेला गाळ पंपानं धुऊन काढा. कोंब तपकिरी होऊन वास येत असेल तर शेंडा मेला. मग वरच्या डोळ्यांना पांगशा फुटतात आणि साखर घटत जाते, म्हणून तो ऊस आधी तोडीला घाला.

सखल रानात नवी आडसाली लावण नको, कारण जुलै-ऑगस्टातली कोवळी लावण पहिल्याच पुरात कुजते. त्याऐवजी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी लावा. पुढचा पूर येईपर्यंत ऊस आठ-नऊ महिन्यांचा होतो आणि पाणी फार चढलं नाही तर शेंडा वर राहतो.