उपग्रहाला उल्का समजू नका: आभाळाच्या फोटोत होणाऱ्या चुका

१३ डिसेंबर २०२५ च्या संध्याकाळी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे एका नातेवाइकांच्या शेतात आम्ही कॅमेरा लावला होता. मिथुन राशीतला उल्कावर्षाव त्या रात्री भरात येणार होता. अठरा मिलिमीटरची लेन्स, २० सेकंदांचा एक फोटो, मध्ये एक सेकंदाचा खंड, की पुढचा फोटो. पावणेआठच्या सुमारास भाचा ओरडला, "मामा, गावली बघ!" सात पस्तीसच्या फोटोत वायव्येला हंस तारकासमूहातून एक सुरेख रेघ गेली होती, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये जाड. उल्का अशीच दिसते असं आपण ऐकलेलं असतं. ती उल्का नव्हती. तिचा निकाल लावताना ज्या चुका समोर आल्या, त्या मला आलेल्या बहुतेक फोटोंत दिसतात.

एकाच फोटोवरून निकाल देणं

सगळ्यात मोठी चूक हीच. रेघ असलेला फोटो ठेवायचा आणि मागचे-पुढचे 'रिकामे' म्हणून पुसून टाकायचे. खरा पुरावा त्या रिकाम्या फोटोंतच असतो.

उल्का साधारण शंभर किलोमीटर उंचीवर पेटते आणि बहुतेक वेळा सेकंदाच्या आत विझते. वीस सेकंदांच्या फोटोत तिनं एका क्षणात रेघ ओढली, बाकीचा वेळ तिथं काहीच नव्हतं. म्हणून ती एकाच फोटोत येते. कमी उंचीवरचा उपग्रह मात्र पूर्ण आभाळ ओलांडायला काही मिनिटं घेतो. हंसाच्या दिशेला, क्षितिजापासून पस्तीसेक अंशांवर, तो सेकंदाला जेमतेम अर्धा अंश सरकतो. म्हणजे वीस सेकंदांत आठ-दहा अंश, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढं अंतर.

आम्ही पुढचा फोटो उघडला, उजेड वाढवला आणि त्याच रेषेत पुढं पाहिलं. चंद्राच्या रुंदीएवढी मोकळी जागा, आणि तिथून पुढं अगदी फिकट दोरा सुरू झालेला. ती मोकळी जागा म्हणजे आमचा एक सेकंदाचा खंड. मागच्या फोटोतही तसाच दोरा होता. उपग्रह तिन्ही फोटोंत होता. फक्त मधल्यात त्याचा एखादा चकचकीत भाग सूर्याकडे कलला, चमकला आणि परत मंदावला. निमुळती टोकं त्या चमकेची होती.

उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरतो तेव्हाही रेघेचं एक टोक असंच विझत जातं. त्यामुळे निमुळतं टोक हा उल्केचा पुरावा मी धरत नाही. रंग जास्त बोलतो: पुष्कळ उल्कांच्या रेघेची सुरुवात हिरवट आणि पुढचा भाग पांढरा असतो. उपग्रहाची रेघ बहुधा सबंध एका रंगाची. एक अपवाद लक्षात ठेवावा. फार तेजस्वी उल्केमागं धुरासारखा उजळ पट्टा राहतो आणि तो पुढच्या एक-दोन फोटोंतही दिसू शकतो. पण तो जागच्या जागी वाकडातिकडा होत पसरतो, पुढं सरकत नाही.

फोटोची वेळ न बघणं

उपग्रहाला स्वतःचा उजेड नाही, तो सूर्याच्या उजेडात चमकतो. डिसेंबरात बेळगावकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरचे उपग्रह डोक्यावर पावणेआठपर्यंत उजेडात असतात आणि पश्चिमेला खाली साधारण साडेनऊपर्यंत. त्यानंतर पहाटे तीन-साडेतीनपर्यंत असे कमी उंचीवरचे उपग्रह आपल्या आभाळात सावलीतच असतात. त्याहून उंचावरचे दिसू शकतात, पण ते मंद आणि सावकाश.

म्हणून सात पस्तीसच्या रेघेवर आधी संशय घ्यायचा, आणि रात्री अकरा चाळीसच्या रेघेकडे निराळ्या नजरेनं बघायचं. आमच्याकडे तशीही एक आली: मृगाजवळ, हिरवट सुरुवात, एकाच फोटोत. तिला मागं वाढवलं तर ती पुनर्वसूच्या कॅस्टर ताऱ्यापाशी पोचत होती, आणि या वर्षावाच्या उल्का तिथूनच निघाल्यासारख्या दिसतात. हंसातली रेघ मागं वाढवली तर दक्षिणेकडे जात होती. नुसती दिशा चुकली म्हणून उल्का नाही असं मात्र म्हणता येत नाही, कारण वर्षावाशी संबंध नसलेल्या सुट्या उल्काही रोज रात्री पडतात.

हे सगळं कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तरच. निघण्यापूर्वी ते फोनशी जुळवा, सकाळ-संध्याकाळचा घोळही तपासा.

गुरूच्या शेपटीला फसणं

त्या रात्री गुरू मिथुन राशीतच होता, कॅस्टर आणि पोलक्सच्या शेजारी. म्हणजे उल्का जिथून येताना दिसतात, तिथंच आभाळातला सगळ्यात ठळक ठिपका. भाच्याच्या एका फोटोत त्याला आखूड शेपटी फुटली होती आणि उल्का थेट आपल्याकडे आली असं त्याला वाटलं. कारण साधं होतं. त्यानं बटण बोटानं दाबलं आणि तिपाई हलली. हादऱ्याचा तेवढा क्षण गुरूसारख्या तेजस्वी ठिपक्याला रेघ ओढायला पुरतो, मंद ताऱ्यांना पुरत नाही. म्हणून बाकी आभाळ नीट आणि एकट्या गुरूला शेपूट. फोटो मोठा करून पोलक्स आणि प्रश्वा हे ठळक तारे पाहिले तर त्याच बाजूला, त्याच आकाराची फिकट शेपटी सापडली. दोन सेकंदांचा टायमर लावल्यावर ती गेली. आमच्या भागात पहाटे लेन्सवर दव बसतं, तेव्हा गुरू फुगून कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. लेन्स पुसून पुन्हा फोटो घ्या.

विमान

हे ओळखायला सोपं. चमकणाऱ्या दिव्यामुळे रेघेवर सारख्या अंतरानं ठिपके पडतात, बहुधा सेकंदाला एक, आणि बाजूला लाल किंवा हिरवी रेघ असते. फसवतं ते बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरायला समोरून येणारं विमान. पुढचे दिवे आपल्याकडे रोखलेले असले की ते मिनिटभर एका जागी थांबलेल्या ग्रहासारखं दिसतं. पुढचे दोन-तीन फोटो बघा: ग्रह शेजारच्या ताऱ्यांबरोबर सरकतो, विमान ताऱ्यांना सोडून जातं.

फोनच्या नाइट मोडवर भरवसा

नाइट मोड बरेच छोटे फोटो जोडून एक बनवतो. त्यात उपग्रहाची सलग रेघ तुकड्यातुकड्यांची होते आणि लोक तिला विमान म्हणतात. तुकड्यांना लाल-हिरवा रंग नसेल तर उपग्रहाचा संशय धरा. उलट एकाच छोट्या फोटोत आलेली उल्का जोडताना फिकी पडते, कधी पुसलीही जाते. फोनमध्ये प्रो मोड असेल तर आयएसओ १६०० आणि १५-२० सेकंद ठेवून सुटे फोटो घ्या.

भाच्यानं हंसातल्या रेघेचा फोटो काढून टाकला नाही. मागच्या-पुढच्या दोन फोटोंसकट तो 'उपग्रह, ७:३५' नावाच्या फोल्डरमध्ये आहे, आणि त्याच्या शेजारी '११:४०'.