अक्षरी रुपये लिहिताना या चुका टाळा: ‘एक’चे ‘एकवीस’ कसे होतात

चाटी गल्लीतल्या दुकानातून दोन सोलापुरी चादरी विकल्या. दर ५००, म्हणजे १,०००. त्यावर ५ टक्के जीएसटीचे ५० रुपये. एकूण १,०५०. बिलावर अक्षरी रुपये ‘एक हजार पन्नास’. सगळे बरोबर आहे, तरी या बिलात नंतर सहज फेरफार करता येतो.

आकड्याच्या डावीकडे जागा मोकळी असेल तर तिथे फक्त २ टाकला की २१,०५० होतात. आणि ‘एक’ आणि ‘हजार’ यांच्यात बोटभर जागा असेल तर तिथे ‘वीस’ बसतो: ‘एकवीस हजार पन्नास’. एका अंकाने आणि एका शब्दाने आकडा आणि अक्षरे दोन्ही जुळतात. ३ आणि ‘तीस’नेही हेच साधते. खाडाखोड लागत नाही. छापील बिल पुन्हा प्रिंटरमध्ये घालून नेमक्या जागी ही भर टाकता येते.

यातली निम्मी चूक बिल करणाऱ्याचीच असते. अक्षरी ओळ ‘जस्टिफाय’ करून ठेवली की सॉफ्टवेअर शब्द ताणून ओळ भरते आणि शब्दांमध्ये आयती जागा उघडते. ती ओळ डावीकडे जुळवा, ‘अक्षरी रुपये’नंतर लगेच रक्कम सुरू करा, शेवटी ‘फक्त’ लिहा आणि उरलेल्या जागेत रेघ ओढा. हाताने बिलबुक भरत असाल तर पूर्ण रकमेवर एकच सलग शिरोरेषा ओढा. देवनागरीचा हा फायदा इंग्रजीला नाही.

आकड्याची डावी बाजू एक्सेलमध्ये चांदण्यांनी बंद करता येते. एकूण रकमेच्या सेलला ‘कस्टम’ फॉरमॅटमध्ये हे द्या:

```
[>=10000000]**##\,##\,##\,##0.00;[>=100000]**##\,##\,##0.00;**##,##0.00
```

दोन चांदण्यांमुळे सेलची मोकळी जागा चांदण्यांनी भरते आणि स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे पडतात. मर्यादा एवढीच, की उणे रकमेला मोठी असली तरी हजारापर्यंतचीच तिसरी पद्धत लागते. क्रेडिट नोटमध्ये रक्कम उणे न लिहिता धनच ठेवा.

दुसरी चूक शून्याच्या घरातली. १,२०० टॉवेल, दर ८५, म्हणजे १,०२,००० आणि कर ५,१००. एकूण १,०७,१००. घाईत ०७ चे ७० वाचून ‘एक लाख सत्तर हजार शंभर’ लिहिले जाते. उजवीकडून आधी तीन अंक तोडा, मग दोन-दोन: १ | ०७ | १००. प्रत्येक घर वेगळे वाचा: एक लाख, सात हजार, शंभर. बोलताना चालणारे ‘सव्वा लाख’, ‘दीड लाख’ बिलावर नकोत.

संगणक १०७,१०० असे दाखवत असेल तर विंडोजचे ‘रीजन’ भारताचे नाही. एक्सेलमध्ये आकड्याची अक्षरे करण्यासाठी इंटरनेटवरून उचललेला SpellNumber मॅक्रो तर हीच रक्कम इंग्रजीत ‘एकशे सात हजार’ अशी वाचतो आणि पुढे डॉलरही जोडतो. लाख-कोटी जाणणारा मॅक्रो लागतो.

तरी अक्षरे आणि आकडा जुळत नसतील तर पैसे पाहा. सेलमध्ये १,०७,०९९.६० आहे आणि दशांश लपवल्यामुळे १,०७,१०० दिसते, पण मॅक्रो आतला आकडा वाचतो आणि ‘नव्याण्णव रुपये साठ पैसे’ छापतो. दशांश लपवू नका. एकूण रक्कम F20 मध्ये असेल तर `=ROUND(F20,0)` असा वेगळा सेल करा, अक्षरे त्याच सेलवरून काढा आणि ४० पैशांचा फरक ‘राउंड ऑफ’ ओळीत दाखवा.

हा फरक क्षुल्लक नाही. चेकवर आकडा आणि अक्षरे वेगळी असतील तर १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम धरतात. हे कलम बिलाला लागू नाही, आणि जीएसटीच्या नियम ४६ मध्ये अक्षरी रकमेची सक्तीही नाही. त्यामुळे न जुळणाऱ्या बिलावर निव्वळ वादच उरतो.

हाती आलेले बिल संशयास्पद वाटले तर एकूण रकमेला १.०५ ने भागा. १,०५० चे नेमके १,००० येतात. २१,०५० चे २०,०४७.६२ येतात, आणि ५०० च्या दराने ते कुठल्याच नगसंख्येला बसत नाहीत. अर्थात बिलातल्या सगळ्या मालावर ५ टक्केच कर असेल तरच हा हिशेब चालतो. ई-इन्व्हॉइस असेल तर सरकारी अ‍ॅपने क्यूआर तपासा. त्यात बिलाची मूळ रक्कम सहीबंद असते. दुकानदाराने स्वतः छापलेल्या पेमेंटच्या क्यूआरला हा अर्थ नाही.

शेवटच्या मालाखालच्या रिकाम्या ओळींवर तिरकी रेघ मारा, नाहीतर तिथे नवा माल घुसतो आणि मग वरची भागाकाराची तपासणीही जुळवून घेता येते. सही आणि शिक्का कोपऱ्यात नको, रकमेच्या कडेला अर्धा चढवून द्या. चुकलेले बिल खोडून दुरुस्त करू नका. माल गेला नसेल तर सगळ्या प्रती ‘रद्द’ लिहून बिलबुकातच ठेवा. बिल जास्त रकमेचे गेले असेल तर क्रेडिट नोट काढा, कमी रकमेचे गेले असेल तर डेबिट नोट.