मार्केटिंग प्लॅन तपासताना: ग्राहकगट खरा आहे का, उद्दिष्ट मोजता येते का

एमबीए किंवा बीबीएच्या वर्गात मार्केटिंग प्लॅनचा प्रकल्प हमखास असतो. पाच-सहा मुलांची टीम एखादे उत्पादन निवडते, तीस-चाळीस पानांचा अहवाल देते आणि प्रेझेंटेशन करते. बहुतेक अहवालांत ‘लक्ष्यगट’ हे एक पान असते आणि ‘उद्दिष्टे’ हे दुसरे. ही दोन पाने एकमेकांशी बोलतात की नाही, हे तपासणे हे परीक्षकाचे मुख्य काम आहे. पहिल्यांदाच असे प्रकल्प तपासणाऱ्या शिक्षकांसाठी ही पद्धत लिहीत आहे. स्वतःचा प्लॅन जमा करण्याआधी विद्यार्थ्यांनाही ती वापरता येईल.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक प्लॅन समोर ठेवू. पुण्यातील एक टीम थालीपिठाच्या भाजणीचे ५०० ग्रॅमचे पाकीट बाजारात आणू पाहते. किंमत १२० रुपये. लक्ष्यगट: ‘१८ ते ४५ वयोगटातील, शहरी, आरोग्याबाबत जागरूक व्यक्ती’. उद्दिष्टे: ‘ब्रँडची ओळख वाढवणे, इन्स्टाग्रामवर १०,००० फॉलोअर मिळवणे, विक्रीत ३० टक्के वाढ करणे आणि सहा महिन्यांत १५ लाखांची उलाढाल’.

पहिली पायरी: शेवटून वाचायला सुरुवात करा

अहवाल पहिल्या पानापासून वाचला की प्रस्तावना, बाजाराचे वर्णन आणि रंगीत आलेख यांचा चांगला-वाईट ठसा उमटतो आणि तो पुढच्या गुणांवर पसरतो. म्हणून आधी खर्चाचा तक्ता, मग उद्दिष्टे आणि त्यानंतर लक्ष्यगटाचे पान वाचावे. टीमने पैसा कुठे टाकला आहे, त्यावरून तिच्या मनातला खरा ग्राहक कळतो. आपल्या उदाहरणात निम्म्याहून जास्त रक्कम इन्स्टाग्रामवरील जाहिरातींवर आहे आणि माल मात्र किराणा दुकानांतून विकायचा आहे. ही विसंगती समासात टिपून ठेवा.

दुसरी पायरी: ग्राहकगट बदलून पाहा

माझ्या मते सर्वांत उपयोगी कसोटी हीच, म्हणून तिला पुरेसा वेळ द्यावा. लक्ष्यगटाचे वाक्य झाका आणि त्याजागी दुसरा गट घाला, उदाहरणार्थ ‘५० ते ७० वयाचे निवृत्त लोक’. आता पुढची पाने वाचा. किंमत, पाकिटाचा आकार, दुकान, जाहिरातीतले शब्द यांपैकी काही बदलावे लागते का? काहीच बदलावे लागत नसेल, तर विभागणी नुसती छापलेली आहे, वापरलेली नाही. बाजारातील मागणी एकसारखी नसते आणि वेगळ्या गरजांच्या गटांना वेगळी मांडणी लागते, ही कल्पना वेंडेल स्मिथ यांनी १९५६ मध्ये मांडली. गटाप्रमाणे निर्णय बदलत नसेल, तर विभागणी करण्याचे कारणच उरत नाही.

‘१८ ते ४५, शहरी, जागरूक’ हा गट या कसोटीवर पडतो, कारण तो माणसांच्या वागण्यावरून पाडलेला नाही. वसतिगृहातील १९ वर्षांच्या मुलाकडे तवा नाही, गॅस नाही. तो थालीपीठ खाईल, पण पीठ विकत घेणार नाही. चाळिशीतील नोकरदार आईला सकाळी डबा भरायचा आहे. तिच्याकडे तवाही आहे आणि घाईही. हे दोघे एका गटात बसत नाहीत. इथे आणखी एक गोष्ट तपासावी: खाणारा, करणारा आणि विकत घेणारा वेगळा आहे का आणि टीमने ते ओळखले आहे का. खाद्यपदार्थांच्या बहुतेक प्लॅनमध्ये या तिघांची गल्लत झालेली असते.

मग चांगली विभागणी कशी दिसते? आपल्या उदाहरणात वयापेक्षा एक प्रश्न निर्णायक आहे: या घरी भाजणी आज कुठून येते? अनेक मराठी घरांत ती गावाहून आई किंवा सासूबाई पाठवतात. त्या घराला १२० रुपयांचे पाकीट महाग वाटेल आणि चवीची तुलनाही घरच्या भाजणीशी होईल. हा स्पर्धक कुठल्याच दुकानाच्या फळीवर दिसत नाही, म्हणून टीमच्या स्पर्धक-तक्त्यातही तो बहुधा नसतो. ज्यांच्या घरी दोघेही नोकरी करतात, शाळकरी मूल आहे आणि गावाहून भाजणी येत नाही, त्यांचा गट वेगळा पडतो. वाकड, बाणेर, हिंजवडी परिसरात अशी घरे शोधता येतात आणि सोसायट्यांजवळच्या दुकानांतून त्यांच्यापर्यंत पोहोचता येते. असा गट मांडला की दुकान, जाहिरातीचा मजकूर आणि पाकिटाचा आकार आपोआप ठरू लागतो. टीमने हे चार-पाच घरांशी बोलून शोधले असेल तर भरघोस गुण द्या. बोलणे मोजक्याच लोकांशी झाले असले तरी चालेल, मात्र कोणाशी आणि काय बोलणे झाले ते अहवालात हवे.

तिसरी पायरी: आकडा खालून वर बांधून पाहा

विद्यार्थी बहुधा वरून खाली येतात. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती, त्यातील एक टक्का आपला ग्राहक, असा हिशेब मांडतात. हा एक टक्का कुठून आला, याचे उत्तर नसते. आकडाही जुना असतो. परीक्षकाने कागद घेऊन उलट्या बाजूने हिशेब करावा. त्याला दहा मिनिटे पुरतात.

१२० रुपयांच्या पाकिटातून कर, दुकानदार आणि वितरक यांचा वाटा वजा जाता कंपनीच्या हाती ९० रुपये येतात, असे टीमने लिहिले आहे. १५ लाखांना ९० ने भागले की सुमारे १६,७०० पाकिटे होतात. प्लॅनमध्ये ४० दुकाने आहेत. सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले, तर प्रत्येक दुकानातून दर आठवड्याला १६ पाकिटे जायला हवीत. आता परिशिष्ट उघडा. टीमने ज्या दुकानदारांना विचारले, त्यांनी अशा पिठाची आठवड्याला पाच-सहा पाकिटे जातात असे सांगितले आहे. सहा धरली तरी ४० दुकानांतून सहा महिन्यांत ६,२४० पाकिटे, म्हणजे सुमारे ५ लाख ६० हजार रुपये. उद्दिष्ट गाठायला १०७ दुकाने लागतील, तीही पहिल्याच दिवसापासून. टीमच्या स्वतःच्याच माहितीने टीमचे उद्दिष्ट खोडून काढले, आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही.

हिशेब ग्राहकांच्या बाजूनेही करावा. ५०० ग्रॅममध्ये मध्यम आकाराची दहाएक थालीपिठे होतात, चार माणसांच्या घरात ती दोन वेळांना पुरतात. एक घर सहा महिन्यांत सरासरी तीन पाकिटे घेईल असे मानले, तर १६,७०० पाकिटांसाठी सुमारे ५,६०० घरे हवीत. निवडलेल्या ४० दुकानांच्या आसपास नेमक्या या गटातली एवढी घरे आहेत का? हा प्रश्न विचारला की ग्राहकगट आणि उद्दिष्ट प्रथमच एका हिशेबात येतात. त्यातून पुन्हा खरेदी किती होते हे मोजण्याची गरजही पुढे येते, आणि ते टीमच्या उद्दिष्टांत कुठेच नाही.

चौथी पायरी: प्रत्येक उद्दिष्टाला प्रश्न विचारा

आज कुठे आहोत, कुठे जायचे, केव्हापर्यंत, कशाने मोजायचे आणि जबाबदारी कोणाची, एवढे विचारले तरी पुरते. जॉर्ज डोरन यांच्या १९८१ च्या ‘स्मार्ट’ कसोटीत जबाबदारी नेमून देणे हा निकष मुळातच होता. पुढे शिकवताना त्याजागी ‘साध्य होण्याजोगे’ हा निकष रूढ झाला आणि विद्यार्थ्यांच्या तक्त्यांतून काम करणाऱ्याचे नाव गायब झाले.

‘विक्रीत ३० टक्के वाढ’ लगेच गळते, कारण उत्पादन नवे आहे आणि मागची विक्रीच नाही. फॉलोअरचा आकडा मोजता येतो, पण तो ग्राहकगटाचा नाही. त्यात वर्गमित्र असतील, आणि माल जिथे मिळतच नाही अशा शहरांतले लोकही. मोजता येणे पुरेसे नाही, मोजलेली गोष्ट त्या गटाविषयी असावी लागते. मुलांना हा फरक समजावून सांगावा लागतो, कारण वर्गात भर फक्त आकडा असण्यावर दिला जातो.

‘ओळख वाढवणे’ हे उद्दिष्ट दुरुस्त करता येते. निवडलेल्या भागातील शाळकरी मुलांच्या पालकांपैकी किती जणांना हा ब्रँड माहीत आहे, हे मोहिमेआधी आणि नंतर एकाच प्रश्नावलीने विचारायचे. मात्र किती लोकांना विचारणार ते पाहा. शंभर जणांच्या पाहणीत, निवड अगदी नीट केली तरी, आकडा आठ-दहा टक्के इकडेतिकडे असू शकतो. त्यामुळे ओळख २० वरून २५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट तेवढ्या पाहणीतून सिद्धच करता येणार नाही. एक तर वाढ मोठी ठेवावी, नाहीतर पाहणी मोठी करावी. आणखी चांगला पर्याय म्हणजे पाकिटात कूपन ठेवून पुन्हा खरेदी मोजणे: ‘पहिल्या दोन महिन्यांत पाकीट घेणाऱ्या घरांपैकी किमान चौथा हिस्सा ६० दिवसांत दुसरे पाकीट घेईल, नोंद कूपनवरून, जबाबदारी विक्री पाहणाऱ्या सदस्याची.’ चौथा हिस्साच का, याचे कारणही टीमने द्यायला हवे. कूपन सगळेच वापरत नाहीत, म्हणून खरी खरेदी मोजलेल्यापेक्षा जास्त असेल, ही मर्यादा लिहिणाऱ्या टीमला एक गुण जास्त द्यावा.

गुण कसे द्यावेत

प्रकल्पाच्या या भागाला ४० गुण असतील, तर ग्राहकगटाच्या तर्काला १५, उद्दिष्टांना १५ आणि दोघांच्या जोडणीला १० ठेवावेत. जोडणीचे गुण वेगळे ठेवले नाहीत, तर दोन सुटी पाने नीट लिहिणाऱ्या टीमला पूर्ण गुण जातात. ग्राहकगटासाठी पायऱ्या अशा: फक्त वय, लिंग, उत्पन्न लिहिले असेल तर ५ पर्यंत, गरज किंवा सवय यांवरून गट पाडला पण पुरावा नाही तर १० पर्यंत, पुरावा आहे आणि गटामुळे निदान दोन निर्णय बदलले आहेत तर त्याहून वर.

सगळ्या टीमचे लक्ष्यगटाचे भाग एका बैठकीत तपासा आणि उद्दिष्टांचे भाग दुसऱ्या बैठकीत. एकेक अहवाल पूर्ण तपासत गेलो की सकाळच्या आणि संध्याकाळच्या अहवालांना वेगळी पट्टी लागते. उद्दिष्ट लहान आहे म्हणून गुण कापू नका. ५ लाख ६० हजारांचे उद्दिष्ट हिशेबासह मांडणारी टीम १५ लाख नुसते लिहिणाऱ्या टीमपेक्षा पुढे आहे.

तोंडी परीक्षेत जाहिरातीचा भाग करणाऱ्या विद्यार्थ्याला ग्राहकगटाविषयी विचारा आणि ग्राहकगट लिहिणाऱ्याला उद्दिष्टांविषयी: ‘तुझ्या ४० दुकानांपैकी दहांनी माल ठेवला नाही, तर कुठला आकडा बदलेल?’ काम वाटून घेऊन शेवटच्या रात्री चिकटवलेला अहवाल इथे उघडा पडतो. शेरा लिहिताना ‘लक्ष्यगट अधिक स्पष्ट हवा’ असे लिहू नका, त्यातून मुलांना काय करायचे ते कळत नाही. ‘दुकानदारांनी सांगितलेला आठवड्याचा आकडा घेऊन पान १९ वरचे उद्दिष्ट पुन्हा मांडा आणि दुकानांची संख्या किंवा रक्कम, दोहोंपैकी एक बदला’ असे लिहिले की सुधारित अहवाल आठवड्याभरात मागता येतो.