पीआयपीचा पहिला मेल: ‘पाठवा’ दाबण्याआधीची तयारी

पीआयपी म्हणजे कमी पडणारं काम ठरलेल्या मुदतीत सुधारण्यासाठी कर्मचाऱ्याला दिलेला लेखी आराखडा. मी लिहिलेला पहिला पीआयपीचा मेल इतका गोड होता की समोरच्याने उत्तरात माझे आभार मानले. ‘कामाची दखल घेतल्याबद्दल धन्यवाद, सुचवलेल्या गोष्टींवर नक्की लक्ष देईन.’ नोकरी धोक्यात आहे हे त्याला तिसऱ्या आठवड्यात कळलं, तेही बोलता बोलता. तेव्हा त्याचा चेहरा पाहिला आणि मेल पुन्हा काढून वाचला. त्यात ‘शक्यतो’ चार वेळा होतं. तेव्हापासून असा मेल पाठवण्याआधी मी एक यादी तपासतो. तीच इथे सांगतो.

यादीतला पहिला प्रश्न मेलचा नाही, तुमच्या मनाचा आहे. हा माणूस सुधारला तर तुम्ही त्याला खरंच ठेवणार आहात का? उत्तर ‘नाही’ असेल तर हा मेल लिहूच नका. एचआरशी बसा आणि जे ठरलंय त्याचा सरळ मार्ग काढा. आधीच ठरवून लिहिलेल्या आराखड्यात ‘आम्ही तुमच्यासोबत आहोत’ हे वाक्य कसंही लिहिलं तरी खोटंच वाटतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

दुसरं, मेलमध्ये येणारी प्रत्येक तक्रार त्या व्यक्तीने तुमच्या तोंडून आधी ऐकलेली हवी. मागच्या दोन-तीन महिन्यांच्या तुमच्या टिपणांत ती सापडत नसेल तर कमी तुमच्या बाजूला आहे. आधी तोंडी सांगा, वेळ द्या, मग आराखड्याकडे या. त्याच वेळी एचआरला विचारून घ्या की या व्यक्तीची आजारपणाची रजा, प्रसूतीची रजा किंवा कुणाविरुद्धची तक्रार सध्या चालू आहे का. असेल तर मेल थांबवा. आपला हेतू कितीही स्वच्छ असला तरी अशा वेळी आलेला आराखडा सूड म्हणून वाचला जातो, आणि बहुतेक ठिकाणी कायदाही त्याकडे त्याच संशयाने पाहतो.

आता आकड्यांकडे येऊ. तयारीचा निम्मा वेळ इथे जातो, आणि तो जायलाच हवा. एक उदाहरण घेऊ. ग्राहक मदत विभागातली एक कर्मचारी. तक्रारीच्या तिकिटाला 4 तासांच्या आत पहिलं उत्तर द्यायचं, हा तिथला नियम आहे आणि 100 पैकी 90 तिकिटांत तो पाळला जावा अशी अपेक्षा आहे. गेल्या 8 आठवड्यांत तिच्याकडे 212 तिकिटं आली, त्यांतली 131 वेळेत हाताळली गेली. म्हणजे 100 मागे साधारण 62. दुसरी अडचण अशी की तिने बंद केलेली बरीच तिकिटं ग्राहक पुन्हा उघडतात. 180 पैकी 34, म्हणजे 100 मागे 19. ठरलेली मर्यादा 8 आहे.

मेलमध्ये हे आकडे जसेच्या तसे यावेत, आणि त्यांच्या शेजारी दोन-तीन खरी तिकिटं तारखेसह यावीत. ‘ओनरशिप दिसत नाही’ किंवा ‘गांभीर्य कमी आहे’ असली वाक्यं काढून टाका. स्वभावावर वाद घालता येतो. ‘या तिकिटाला पहिलं उत्तर 19 तासांनी गेलं’ यावर फार तर कारण सांगता येतं, आणि तुम्हाला ते ऐकायचंच आहे. आकडे काढताना एक गोष्ट आवर्जून तपासा: तोच नियम लावला तर टीममधले बाकीचे कुठे बसतात? ते 88 ते 93 च्या दरम्यान असतील तर अपेक्षा रास्त आहे. तेही 70 वर अडकले असतील तर दुखणं एका व्यक्तीचं नाही.

पुढचं लक्ष्य ठरवताना मॅनेजर सहसा एका बारीक गोष्टीत चुकतात. ‘दर आठवड्याला 90 टक्के’ हे कागदावर छान दिसतं. पण तिच्याकडे आठवड्याला 26-27 तिकिटं येतात. त्यात 3 उशिरा गेली की आकडा 88-89 वर येतो आणि आठवडा ‘नापास’ होतो. एका वाईट मंगळवारवर कुणाची नोकरी टांगू नये. म्हणून मी 4 आठवडे एकत्र मोजतो. साधारण 106 तिकिटं होतात, त्यांत उशिराची 10 पेक्षा जास्त नकोत. हा आकडा तिला स्वतःलाही रोज मोजता येतो, आणि लक्ष्य खरं आहे का हे ओळखायची माझी खूण तीच आहे: संध्याकाळी घरी जाताना आपण कुठे आहोत हे तिला मला न विचारता कळलं पाहिजे.

पुन्हा उघडणाऱ्या तिकिटांचं मोजमाप आणखी फसवं आहे. तिकीट बंद झाल्यावर ग्राहकाला ते उघडायला 7 दिवस मिळतात, असं धरू. मग आराखडा 60 दिवसांचा असेल तर शेवटच्या आठवड्यात बंद झालेल्या तिकिटांचा निकाल 60व्या दिवशी लागलेलाच नसतो. ती धरली तर आकडा उगाच चांगला दिसतो आणि नंतर बिघडतो. त्यामुळे 26व्या ते 53व्या दिवसादरम्यान बंद झालेली तिकिटंच मोजायची, आणि हे मेलमध्ये आधीच लिहायचं. शेवटी 90 ऐवजी 87 आले तर काय करायचं, हेही आजच ठरवा. ऐनवेळी ठरवलं की मर्जी लागली असं दिसतं, आणि कधी कधी ती लागलेलीही असते.

मदतीचा परिच्छेद लिहिताना प्रत्येक मदतीपुढे माणूस, दिवस आणि वेळ लिहिता येते का ते पाहा. ‘काहीही लागलं तर निःसंकोच सांगा’ ही मदत नव्हे. त्यात सगळा भार तिच्यावरच राहतो, आणि आराखड्यात आलेला माणूस निःसंकोच काही मागत नाही. त्यापेक्षा असं लिहा: ‘पहिले 4 आठवडे दर मंगळवारी आणि गुरुवारी एक तास टीममधले एक ज्येष्ठ सहकारी तुमच्यासोबत बसून बंद होणारी तिकिटं तपासतील. दर सोमवारी सकाळी आपण दोघं अर्धा तास आकडे पाहू. या काळात बिलिंगच्या वादाची तिकिटं तुमच्याकडे येणार नाहीत.’ हे लिहिण्याआधी त्या सहकाऱ्याला विचारलंय ना? आणि सोमवारचा अर्धा तास तुम्ही खरंच पाळाल ना? माझ्या अनुभवात आराखडे सर्वांत जास्त इथेच मोडतात. मॅनेजरने दोन सोमवार रद्द केले की ‘आम्ही साथ देऊ’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

परिणामाचं वाक्य टाळावंसं वाटतं. टाळू नका, आणि शेवटच्या ओळीत लपवूही नका. मी ते लक्ष्यांच्या लगेच खाली, स्वतंत्र परिच्छेदात ठेवतो: ‘60 दिवसांच्या शेवटी या दोन्ही अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत, तर तुमची नोकरी संपवण्यापर्यंतचा निर्णय होऊ शकतो.’ हे वाक्य एचआरकडून शब्दशः तपासून घ्या, कारण नोटीस, मुदत आणि त्यानंतरची प्रक्रिया यांचे नियम जागेप्रमाणे बदलतात. ‘होईल’ लिहिलं की निकाल आधीच लागल्यासारखा वाटतो. ‘पुढील योग्य ती कारवाई’ लिहिलं की काहीच कळत नाही. आणि उलट बाजूने, ‘हे जमलं की सगळं ठीक होईल’ असंही वचन देऊ नका. आराखडा पूर्ण झाला तर तो बंद होतो आणि पुढेही हीच पातळी अपेक्षित राहते, एवढंच लिहा.

मग भाषा. रोज ‘अगं, ते तिकीट बघ ना’ म्हणणारा मॅनेजर मेलमध्ये अचानक ‘आपणांस कळविण्यात येते की’ लिहू लागतो. कोण कळवतंय? असल्या वाक्यात बोलणारा माणूस गायब होतो, आणि वाचणाऱ्याच्या पोटात पहिला गोळा तिथेच येतो. तोंडी ‘तू’ असलं तरी नोंदीत राहणाऱ्या मेलला ‘तुम्ही’ बरं, पण क्रियापदं साधी ठेवा: ‘मी हा मेल लिहितोय’, ‘मला हे दिसलं’, ‘मी हे करेन’. मसुदा झाला की ‘शक्यतो’, ‘जरा’, ‘थोडंफार’, ‘जमल्यास’, ‘प्रयत्न करावा’ हे शब्द शोधा. मदतीच्या परिच्छेदात ते चालतील. अपेक्षांच्या परिच्छेदात एकही राहता कामा नये. ‘4 तासांत उत्तर देण्याचा प्रयत्न करावा’ असं लिहिलं, तर तिने प्रयत्न केला म्हणजे अपेक्षा पूर्ण झाली.

सुरुवातीची चार वाक्यं मी अशी ठेवतो: ‘आज सकाळी आपण बोललो, त्याची ही लेखी नोंद. आजपासून 60 दिवसांचा परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन सुरू होतोय. दोन बाबतींत तुमचं काम अपेक्षित पातळीच्या खाली आहे, आणि ते या मुदतीत त्या पातळीवर येणं आवश्यक आहे. ते येऊ शकतं असं मला वाटतं, कारण मागच्या वर्षी पहिले सहा महिने तुमचे आकडे टीमच्या बरोबरीने होते.’ कौतुक यायचं तर असं, पुरावा असलेलं आणि एकदाच. सुरुवातीला दोन परिच्छेद स्तुती आणि शेवटी दोन परिच्छेद स्तुती असली की मधलं कुणी वाचत नाही. माझ्या पहिल्या मेलचं तेच झालं होतं.

तिचं म्हणणं मांडायला जागा ठेवा, तारखेसह: ‘एखादा आकडा चुकीचा वाटत असेल किंवा मला माहीत नसलेलं कारण असेल, तर शुक्रवारपर्यंत कळवा; मी तपासून लेखी उत्तर देईन.’ पोच मागताना ‘मिळालं’ एवढीच मागा, ‘मान्य आहे’ असं लिहून घेऊ नका.

मसुदा तयार झाला की एचआरमधल्या, शक्यतो ही व्यक्ती फारशी माहीत नसलेल्या कुणाला तरी तो एकदा वाचायला द्या (इथे ‘शक्यतो’ चालतं). वाचून झाल्यावर मेल बंद करायला सांगा आणि तीन प्रश्न विचारा: काय कमी पडतंय, कधीपर्यंत किती हवंय, आणि नाही झालं तर काय? तिन्हींची उत्तरं न अडखळता आली नाहीत, तर जिथे अडखळले ते वाक्य पुन्हा लिहा. मग विचारा, वाचून कसं वाटलं? ‘अपमान’ हा शब्द आला तर बहुतेक एखादं विशेषण राहून गेलेलं असतं.

पाठवायची वेळ समोरासमोर बोलणं झाल्यावर त्याच दिवशी, तासाभरात. शुक्रवारी संध्याकाळी नको, दोन दिवस ती एकटी तो मेल वाचत बसेल. प्रतीत फक्त एचआर ठेवा. नाव टाइप करताना आपोआप येणारा टीमचा गट चुकून आत शिरला नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. सोमवारच्या आठही बैठकांची आमंत्रणं मेलच्या पाठोपाठ जाऊ द्या, आणि पुढचा तास स्वतःच्या कॅलेंडरमध्ये मोकळा ठेवा. ती बोलायला आली तर तुम्ही जागेवर असायला हवं.