एकच शेअर, दोन मित्र, दोन उलटे ट्रेंड: टाइमफ्रेमचं भांडण कसं सोडवायचं

सांगलीतले दोन मित्र आहेत, त्यांना आपण सुहास आणि मंगेश म्हणू. सुहास शाळेत शिकवतो, त्याला आठवडाभर चार्ट बघायला वेळ नसतो, रविवारी सकाळी चहा घेत तो वीकली चार्ट उघडतो. मंगेशचं मोबाईलचं दुकान आहे, काउंटरवर दिवसभर स्क्रीन चालूच असते. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर दोघांच्याही यादीत होता, भाव १०१२. (हे आकडे समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या शेअरचे नाहीत.) रविवारी भेटल्यावर सुहास म्हणाला, "घ्यायला मस्त जागा आहे, अपट्रेंड आहे आणि स्वस्तात मिळतोय." मंगेश म्हणाला, "अरे कुठला अपट्रेंड, तीन आठवडे नुसता पडतोय, मी तर उद्या शॉर्ट करणार आहे."

तासभर वाद चालला आणि गंमत अशी की दोघांचंही बरोबर होतं. असा वाद तुमचा मित्राशी होत असेल, किंवा दोन चार्ट बघून स्वतःशीच होत असेल (हे जास्त वेळा होतं), तर खालच्या क्रमाने जा.

पहिली पायरी: ट्रेंड म्हणण्याआधी टाइमफ्रेम आणि होल्डिंग लिहा

कागद घ्या आणि पूर्ण वाक्य लिहा. सुहासचं वाक्य झालं, "वीकली चार्टवर अपट्रेंड, मी चार-सहा महिने ठेवणार." मंगेशचं झालं, "७५ मिनिटांच्या चार्टवर डाउनट्रेंड, मी त्याच दिवशी बाहेर." एवढं लिहिल्यावरच अर्धा वाद संपतो कारण दोघं एका प्रश्नाची दोन उत्तरं देतच नव्हते, प्रश्नच दोन होते.

७५ मिनिटंच का? आपला बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, म्हणजे ३७५ मिनिटं, त्यात ७५ मिनिटांच्या बरोबर पाच कँडल बसतात. एक तासाची कँडल लावली तर शेवटची फक्त पंधरा मिनिटांची उरते, आणि त्या अर्धवट कँडलवरून क्लोजिंग वाचणं मला पटत नाही. शिवाय आठवड्यात पाच दिवस, दिवसात पाच कँडल, त्यामुळे वीकली, डेली आणि ७५ मिनिटं हे तीन चार्ट एकमेकांपासून पाच-पाच पट अंतरावर राहतात. सुट्टीच्या आठवड्यात गणित थोडं हलतं, तेवढं चालतं. तुमच्या अॅपमध्ये ७५ मिनिटं मिळत नसतील तर तासाचा लावा, फक्त शेवटच्या कँडलला वजन देऊ नका.

दुसरी पायरी: इंडिकेटर काढून टाका, टॉप आणि बॉटम लिहा

दोघांच्याही चार्टवर २० चा मूव्हिंग अॅव्हरेज होता आणि दोघं "भाव २० च्या वर आहे", "नाही, खाली आहे" करत होते. वीकलीवरचा २० म्हणजे वीस आठवडे, साधारण शंभर दिवसांची सरासरी. ७५ मिनिटांवरचा २० म्हणजे फक्त चार दिवस. नाव एक आणि वस्तू दोन, म्हणून आधी तो काढा आणि नुसते आकडे लिहा, जिथे भाव स्पष्ट वळला तिथले.

सुहासचे आकडे असे आले: बॉटम ६२०, टॉप ९४०, बॉटम ७६०, टॉप ११८०, आता १०१२. टॉप वर सरकतायत, बॉटमही वर सरकतायत, अपट्रेंड. मंगेशचे: टॉप ११८०, बॉटम ११०२, टॉप ११४०, बॉटम १०४८, टॉप १०७५, बॉटम १००४, आता १०१२. टॉप खाली येतायत, बॉटम खाली येतायत, डाउनट्रेंड. नियम दोघांनी एकच लावला आणि नीट लावला.

आता गंमत बघा, मंगेशच्या स्क्रीनवर ही पडझड तीन आठवड्यांची, म्हणजे ७५ कँडलची, स्क्रीन भरून लाल. सुहासच्या स्क्रीनवर तीच पडझड फक्त तीन कँडल. मंगेशचा सगळा डाउनट्रेंड सुहासच्या चढावरचं एक छोटं उतरण आहे.

तिसरी पायरी: एकाच्या रेषा दुसऱ्याच्या चार्टवर काढा

ही पायरी लोक सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हीच शिकवते. ९४० आणि ७६० या सुहासच्या रेषा मंगेशने आपल्या चार्टवर आडव्या ओढल्या, १०७५ ही मंगेशची रेषा सुहासने वीकलीवर ओढली. लगेच मंगेशला दिसलं की जुना टॉप ९४० आहे, तिथे खरेदीदार येऊ शकतात, म्हणजे शॉर्टला १०१२ पासून खाली जागा साधारण ७० रुपयांचीच आहे. सुहासला दिसलं की १०७५ च्या वर भाव टिकत नाही तोवर विकणारे संपलेले नाहीत, आत्ताच घेतलं तर आणखी उतरण सोसावं लागेल.

उतरण किती झालं हेही मोजा. ७६० ते ११८० ही चढण ४२० रुपयांची, त्यातले ११८० ते १००४ असे १७६ रुपये परत गेले, साधारण ४२ टक्के. डाऊ थिअरीत मोठ्या चालीचं एक तृतीयांश ते दोन तृतीयांश उतरण नेहमीचं धरतात. दोन तृतीयांश म्हणजे २८० रुपये, भाव ९०० पर्यंत. म्हणजे ९०० पर्यंत पडला तरी सुहासचा ट्रेंड नेहमीच्या हद्दीत, आणि तोवर मंगेशही बरोबर. रेषा काढताना दोघांचे चार्ट स्प्लिट आणि बोनससाठी अॅडजस्ट केलेले आहेत ना तेवढं तपासा, एकाचा असेल आणि दुसऱ्याचा नसेल तर जुने आकडे जुळणारच नाहीत.

चौथी पायरी: "मी कुठे चुकीचा ठरतो" ते त्याच टाइमफ्रेमवर लिहा

मंगेशने लिहिलं, ७५ मिनिटांची कँडल १०७५ च्या वर बंद झाली तर माझा डाउनट्रेंड संपला. सुहासने लिहिलं, शुक्रवारचा क्लोज ७६० च्या खाली गेला तर माझा अपट्रेंड संपला. सुहासने बुधवारी वीकली कँडल बघून काही ठरवायचं नाही, ती अजून अर्धीच बनलेली असते, शुक्रवारी साडेतीनला तिचा आकार पूर्ण वेगळा असू शकतो.

आता पैसे. दोघांनी ठरवलं की चुकलो तर दहा हजारांपेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाहीत. मंगेशचा स्टॉप १०७५, अंतर ६३ रुपये, दहा हजार भागिले ६३ म्हणजे १५८ शेअर. सुहासचा स्टॉप ७६०, अंतर २५२ रुपये, म्हणजे फक्त ३९ शेअर. सुहास आधी दीडशे शेअर घ्यायला निघाला होता! वीकली ट्रेंडवर विश्वास आणि इंट्राडेएवढी क्वांटिटी, हे एकत्र आलं की माणूस पहिल्याच उतरणात घाबरून विकतो, आणि हा घोळ मी फार जणांचा बघतो. ही मोजणी भाव स्टॉपवरच सुटेल असं धरून आहे हेही लक्षात असू द्या. शुक्रवारच्या क्लोजची वाट बघताना किंवा सकाळी गॅप पडला तर नुकसान दहा हजारांच्या पुढे जाऊ शकतं.

मंगेशसाठी अजून एक गोष्ट. कॅश मार्केटमध्ये शॉर्ट त्याच दिवशी बंद करावा लागतो, रात्रभर ठेवायचा तर त्या शेअरचे फ्युचर किंवा ऑप्शन असायला हवेत आणि हा शेअर त्या यादीत नव्हता. म्हणजे तीन आठवड्यांचा डाउनट्रेंड दिसत असला तरी त्याला त्यातून रोजचा एकेक तुकडाच मिळणार, रात्रीत पडलेला गॅप नाही.

पाचवी पायरी: मधला चार्ट बघून ठरवा

वीकली आणि ७५ मिनिटं भांडत असतील तर डेली उघडा. डेलीवर भाव ११८० पासून उतरत होता आणि अजून एकही वरचा टॉप बनला नव्हता. मग सुहासने ठरवलं की डेली क्लोज १०७५ च्या वर येईपर्यंत थांबायचं, मंगेशने ठरवलं की ९४० जवळ आला की नवीन शॉर्ट नाही. मोठ्या टाइमफ्रेमवरून दिशा घ्यायची आणि लहानवरून वेळ, एवढंच केलं, आणि दोघांपैकी कुणाला आपलं मत सोडावं लागलं नाही.

पुढच्या दीड आठवड्यात भाव ९५१ पर्यंत गेला, मंगेशला दोन-तीन चांगले दिवस मिळाले. मग भाव वळला आणि एका गुरुवारी १०८८ ला बंद झाला. मंगेशचा डाउनट्रेंड त्याच्याच नियमाने संपला आणि सुहासने शुक्रवारी १०९० ला घेतला, स्टॉप ७६० चाच, अंतर ३३० रुपये, म्हणून ३० शेअर. स्वस्तात मिळाला असता हे खरं, पण १०१२ ला घेऊन ९५१ बघत बसणं त्याला झेपलं असतं का ते त्याचं त्यालाच माहीत.

ट्रेड घेतल्यावर टाइमफ्रेम बदलू नका

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात. इंट्राडे शॉर्ट उलटा गेला की मंगेशसारखा माणूस मोठा चार्ट उघडतो, तिथे एखादी वरची रेषा दिसते आणि "तिथून पडेलच" म्हणून स्टॉप सरकवतो. लाँगवाला वीकलीवर अडकला की पाच मिनिटांचा चार्ट उघडून हिरवी कँडल शोधतो. ओळखायची खूण सोपी आहे: आत्ता उघडलेला चार्ट कागदावर लिहिलेल्या टाइमफ्रेमचा नसेल आणि तुम्ही त्यावरून स्टॉप हलवताय, तर थांबा.

टाइमफ्रेम तीच ठेवून स्टॉप वर नेणं मात्र चालतं. सुहासचंच बघा. भाव ११८० च्या वर वीकली क्लोज देऊन गेला तर ९५१ हा नवा पक्का बॉटम होईल आणि स्टॉप ७६० वरून ९५१ ला येईल. पण भाव ११८० च्या आतूनच परत फिरला आणि शुक्रवारी ९५१ च्या खाली बंद झाला, तर वीकलीवरही खालचा टॉप आणि खालचा बॉटम तयार होतो. मग ७६० अजून लांब असला तरी सुहासचा अपट्रेंड संपला, आणि त्याने ७६० ची वाट न बघता सोमवारी सकाळी बाहेर पडायचं.